एकोणिसाव्या दिवशीचा मेसेज

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिणारा तिशीतला एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. नाव सांगत नाही. त्याने लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. ऑनलाइन बेटिंगमध्ये दोन वर्षांत त्याने बायकोचे दागिने घालवले, वर पतसंस्थेचं कर्ज करून ठेवलं. घरात सगळं उघडं पडल्यावर त्याने अ‍ॅप काढून टाकलं आणि खरोखर थांबला. अठरा दिवस काही नाही. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मॅच सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी, फोन वाजला. "खूप दिवसांत दिसला नाहीत. तुमच्या खात्यात ५०० रुपये बोनस जमा केला आहे. आज रात्री १२ पर्यंत वापरा." रात्री दीडपर्यंत त्याचे अकरा हजार गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "काका, माझ्या डोक्यात पण नव्हतं हो. मेसेज बघितला आणि हात आपोआप चालला," म्हणाला. त्याच्या घरच्यांना ही सबब वाटली. मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं आहे. तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्या वाक्यावरूनच कळलं.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडाला फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात, हे आधी दिसलं. मग रस देण्याआधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत त्या पेशी रस मिळाल्यावर चेतायच्या थांबल्या आणि दिवा लागताच चेतू लागल्या. मेंदूच्या दृष्टीने मोठी बातमी दिव्याची होती, रस नंतरचा. या तरुणाच्या बाबतीत दिवा म्हणजे फोनची ती विशिष्ट टिंग, कोपऱ्यातलं ते चिन्ह, "बोनस" हा शब्द आणि मॅचच्या आधीची वेळ. दोन वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा, हा दिवा त्याच्यासमोर लागत होता. विचार करून ठरवण्याच्या आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते, म्हणून त्याला हात आपोआप चालल्यासारखा वाटला.

मग अठरा दिवसांनी दिवा विझायला नको होता का? इथे आपला अंदाज चुकतो. उंदरांना कोकेनची सवय लावून मग ते बंद केल्यावर काय होतं, हे पाहणारा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. कोकेनशी जोडलेली खूण दाखवल्यावर उंदरांची धडपड पहिल्या दिवसापेक्षा काही आठवड्यांनी जास्त होती. खुणेची ओढ आधी वाढत जाते आणि खूप नंतर ओसरते. उंदीर आणि कोकेन यांचा निष्कर्ष माणूस आणि बेटिंगला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण "आता तीन आठवडे झाले, सुटलो" असं वाटतं तो काळ सुरक्षित असतोच असं नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तिसरी गोष्ट त्या पाचशे रुपयांची. प्रयोगशाळेत एखाद्या प्राण्याची शिकलेली सवय पूर्ण मोडते. कळ दाबली तरी काही मिळत नाही, म्हणून तो ती दाबणं सोडून देतो. अशा वेळी कळ न दाबताच त्याला थोडंसं बक्षीस फुकट दिलं, तर मोडलेली सवय परत उभी राहते. अभ्यासात याला पुनःस्थापन म्हणतात. फुकटचा बोनस नेमकं हेच काम करतो. म्हणून त्या मेसेजकडे जाहिरात म्हणून बघू नये असं मला वाटतं. दारू सोडलेल्याच्या हातात कुणी भरलेला पेला आणून द्यावा, तशी ती गोष्ट आहे.

आता पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहू. एकोणिसावा दिवस कुणा माणसाने निवडलेला नसतो. शेवटचा पैसा लावून किती दिवस झाले, यावरून मेसेज पाठवण्याचं सॉफ्टवेअर ग्राहकांचे गट पाडतं. काही दिवस गप्प राहिलेला ग्राहक "परत आणायच्या" गटात जातो आणि त्याला मोठा बोनस सुटतो. त्या गटात कंटाळून गेलेले लोक असतात आणि बरं व्हायची धडपड करणारेही असतात. दोघंही गप्पच, त्यामुळे यंत्राला फरक कळत नाही. नुसतं अ‍ॅप काढून टाकणाऱ्याचं नाव अशा रीतीने नेमकं याच यादीत जाऊन पडतं. खातं चालू राहतं, नंबर आणि ईमेल त्यांच्याकडेच राहतात.

मेसेज बंद केल्याने खरंच किती फरक पडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं. तिथल्या बेटिंग करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला कंपन्यांचे मेसेज बंद करायला सांगितलं, दुसऱ्याचे चालू ठेवले. बंद केलेल्यांनी २३ टक्के कमी बेट लावल्या आणि ३९ टक्के कमी पैसे खर्च केले. हा प्रयोग थोड्या दिवसांचा होता आणि सगळे सहभागी व्यसनी नव्हते. तरीही कुठलंही औषध किंवा समुपदेशन न देता, फक्त मेसेज थांबवून एवढा फरक पडावा, हे मला मोठं वाटतं. त्याच देशात ऑगस्ट २०२३ पासून बेटिंगपासून दूर राहू इच्छिणाऱ्यांची बेटस्टॉप नावाची राष्ट्रीय यादी आहे. तिच्यात एकदा नाव घातलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना जाहिराती पाठवायला बंदी.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे मदत मागायला किंवा तक्रार करायला घाबरायचं कारण नाही. पण याचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे. आज असा मेसेज येतो तेव्हा पाठवणारा बहुधा परदेशात बसलेला किंवा कायद्याला न जुमानणारा असतो. म्हणून "आम्हाला नको असल्यास इथे क्लिक करा" या ओळीवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही.

आम्ही त्या तरुणाचा फोन रविवारी सकाळी हातात घेतला. मॅच नसलेली वेळ मुद्दाम निवडली, आणि फोन त्याच्या बायकोच्या हातात. तो शेजारी बसून पासवर्ड सांगत होता. बंद करायला म्हणून स्वतःच खात्यात शिरायचं, तर तिथला पहिला पडदाच खूण बनतो.

सुरुवात खात्यापासून. खातं कायमचं बंद करा, माझी माहिती काढून टाका आणि यापुढे कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका, असा ईमेल त्यांच्या मदत विभागाला पाठवला आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवला. उत्तरात आधी कारण विचारलं आणि वर आणखी बोनस देऊ केला. तिने तेच वाक्य पुन्हा पाठवलं. दोन दिवसांनी खातं बंद झालं. सगळेच पाठवणारे ऐकतील असं नाही, म्हणून पुढचं सगळं करावंच लागतं.

नोटिफिकेशनचं मूळ सापडायला वेळ लागला. अ‍ॅप काढूनही रोज दोन-तीन सूचना येत होत्या आणि तो चक्रावला होता. त्या ब्राउझरमधून येत होत्या. कधीतरी एखाद्या साइटवर "अलाउ" दाबलेलं असतं, आणि ती परवानगी अ‍ॅपशी संबंधित नसते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, असं गेल्यावर परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसली. तीन नावं बेटिंगची निघाली, त्यातलं एक तर त्याला आठवतही नव्हतं. तिन्ही ब्लॉक केली. सूचनेवर थोडा वेळ बोट दाबून धरलं तर ती कुठून आली हेही कळतं, तेवढं पाहिलं तरी शोध अर्धा सोपा होतो.

एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची सोय आहे. हा मेसेज `1909` या नंबरवर पाठवायचा:

```
START 0
```

यामुळे सगळे जाहिरातीचे मेसेज बंद होतात. बँकेचे ओटीपी येत राहतात. बऱ्याच जणांना तीच भीती असते, म्हणून सांगतो. नोंदणीकृत जाहिरातीच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता `-P` असतं, त्यावरून तो ओळखता येतो. पण याची मर्यादा अशी की साध्या दहा आकडी नंबरवरून येणारे बेटिंगचे मेसेज या कुलपाला मोजत नाहीत. त्यांना "स्टॉप" असं उलट उत्तरही देऊ नये, कारण त्यातून हा नंबर चालू आहे एवढंच त्यांना कळतं. तो नंबर ब्लॉक करून ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करायची, मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम तर `1909` च्या बाहेरच आहेत. तिथे "रिपोर्ट आणि ब्लॉक" हाच मार्ग. त्याच्या टेलिग्रामवर "टिप्स" देणारा एक चॅनेल होता, तो त्याने स्वतः सोडला. सोडताना हात थरथरत होता, मी पाहिलं.

ईमेलमध्ये ओळखीच्या मोठ्या कंपनीचा मेल असेल तर जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी येणारं "अनसबस्क्राइब" वापरावं. २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ही सोय देणं आणि दोन दिवसांत ती पाळणं गुगलने सक्तीचं केलं आहे. अनोळखी मेलच्या आतली लिंक मात्र दाबू नये, तो स्पॅममध्ये टाकावा. तरीही नव्या पत्त्यांवरून मेल येतच राहतात, म्हणून आम्ही एक फिल्टर लावला. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून "हॅज द वर्ड्स" या रकान्यात हे लिहिलं आणि "डिलीट इट" निवडलं:

```
"free bet" OR "free spins" OR jackpot
```

आधी आम्ही त्यात `deposit` सुद्धा घातलं होतं. संध्याकाळपर्यंत बँकेचा एक मेल कचऱ्यात गेला, म्हणून ते काढलं. पहिले काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कचरापेटी तपासावी, त्याने स्वतः नाही. तिथल्या मेलचे विषयसुद्धा खुणाच असतात. डिलीट झालेले मेल तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात.

नंबरच बदलावा का, असं त्याच्या बायकोने विचारलं. मी लगेच हो म्हटलं नाही. बँक, आधार, दुकानातले व्यापारी, सगळं त्या नंबरशी जोडलेलं आहे, आणि नवा नंबरही आधी दुसऱ्या कुणाचा असू शकतो. एक महिना थांबून किती मेसेज झिरपतात ते मोजायचं ठरलं. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज आकडा लिहिला. पहिल्या आठवड्यात एकूण नऊ, दुसऱ्यात चार, चौथ्यात एक.

तो एक व्हॉट्सअ‍ॅपवर, परदेशी नंबरवरून, पुन्हा मॅचच्या आधी आला. तेव्हा तो दुकानात होता. त्याने फोन पालथा ठेवला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याने आधीच पाठ केलेला होता, आणि दुकानाच्या लँडलाइनवरून तो लावला. वीस-पंचवीस मिनिटं बोलला. घरी आल्यावर बायकोने मेसेज रिपोर्ट केला, नंबर ब्लॉक केला आणि कॅलेंडरवर एकचा आकडा लिहिला.