बिनलोडचे 12.2 आणि लोडवरचे 12.2, हे एकच नाहीत

तासगावच्या पुढं मामाची द्राक्षबाग आहे, तिथल्या शेडवर सोलर पॅनल, खाली 12 व्होल्टची जुनी लेड अ‍ॅसिड बॅटरी आणि टाकीतून पाणी ओढणारी छोटी डीसी मोटर, साधारण 4 अँपिअर खाणारी. बॅटरी पार झोपायच्या आत मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून मी अर्डुइनो नॅनो बोर्ड आणि रिले लावला, आणि नेटवरच्या तक्त्यात 12.2 म्हणजे निम्मी बॅटरी असं होतं म्हणून कटऑफ डोळे झाकून 12.2 टाकला.

संध्याकाळी मामाचा फोन, "अरे तुझं ते यंत्र पालीसारखं चुकचुकतंय, ये आणि बघ."

झालं काय होतं, तर तक्त्यातला आकडा बॅटरी काही तास निवांत पडल्यावरचा असतो, ना चार्जिंग ना लोड. माझी बॅटरी निवांत असताना 12.4 दाखवायची, मोटर लागली की त्याच क्षणी 11.9. चार्ज काही सेकंदात संपला नाही, आतल्या रेझिस्टन्सवर आणि वायरीत व्होल्टेज पडला एवढंच. मग रिले तुटला, लोड गेला, बॅटरी परत 12.4 वर, रिले लागला, परत 11.9, टिक टिक टिक चालूच.

म्हणून मोटर चालू असताना बघायचा कटऑफ खाली ठेवावा लागतो, मी 11.6 ठेवला आणि तोसुद्धा सलग 30 सेकंद खाली राहिला तरच, कारण मोटर सुरू होताना क्षणभर जोराचा झोका बसतोच. परत जोडायचा आकडा मात्र वेगळा, 13.0. लोड काढल्यावर नुसती सावरलेली बॅटरी तिथवर जात नाही, चार्जिंग लागतं. (ऊन पडलं की रिकामी बॅटरीही चार्जरच्या जोरावर लवकर 13 दाखवते, त्यामुळं थोडा उशीर इथंही टाकलेला बरा, खालच्या कोडात मी तो टाकलेला नाही.) हे आकडे लेड अ‍ॅसिडचे, लिथियम फॉस्फेटला हे चालवू नका, तिचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो.

आता 12 व्होल्ट थेट नॅनोच्या पिनला दिले तर पिन गेली, कधी कधी बोर्डही. म्हणून दोन रेझिस्टर, बॅटरीच्या प्लसकडून 47k, मग पिन A0 चा जोड, तिथून 10k ग्राउंडला. व्होल्टेज 5.7 ने भागला जातो, 12 चे 2.1 होतात. बरेच जण 30k आणि 10k लावतात, 12 ला ते ठीकच आहे, पण बॅटरीची वायर निसटली आणि पॅनलचे 21-22 व्होल्ट सरळ लाइनवर आले तर पिनवर 5.5 पडतात. 47k वर तेच 3.9 च्या आत राहतात. डिव्हायडर सारखा 0.2 मिलीअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 5 मिलीअँपिअर-तास, दुर्लक्ष करण्याइतकं. 10k ला समांतर 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, रीडिंग नाचत नाही. आणि बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच.

मोजायची वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्या, मोटरच्या वायरीवरून नको. मी पहिल्यांदा मोटरजवळूनच घेतली होती, वायरीचा 0.1 ओहम धरला तरी 4 अँपिअरला 0.4 व्होल्ट तिथंच गायब, आणि आपण म्हणतो बॅटरी बसली. ग्राउंडचंही तसंच.

कॅलिब्रेशन असं: मीटर टर्मिनलला लावला, 12.46 आले, त्याच वेळी `analogRead` ने 449 दिले, भागाकार 0.02775. इथं एक खोडी आहे, मी हे पहिल्यांदा लॅपटॉपच्या यूएसबीवर केलं होतं. नॅनो मोजताना स्वतःचे 5 व्होल्टच माप धरतो, यूएसबीवर ते 4.7 असतील तर वरचाच गुणक 12.46 च्या बॅटरीला 13.2 दाखवेल. शेडमध्ये ज्या कन्व्हर्टरवर बोर्ड चालणार त्याच्यावरच गुणक काढा.

```
float v = analogRead(A0) * 0.02775;
if (v >= 11.6) t0 = millis();
else if (millis() - t0 > 30000UL)
  digitalWrite(RELAY, LOW);
if (v > 13.0) digitalWrite(RELAY, HIGH);
```

`t0` ग्लोबल `unsigned long` घ्या, आणि तुमचा रिले LOW वर लागणारा असेल (स्वस्तातले बरेच तसेच असतात) तर LOW आणि HIGH उलटे करा, नाहीतर बॅटरी बसल्यावरच मोटर सुरू होईल. मामाच्या शेडमधली चुकचुक बंद झालीय, संध्याकाळी मोटर एकदा तुटते आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की आपली आपण लागते.