सर्व्हर कॉपी केला की नोड नंबर बदला (आमचं आयडी जनरेटर वापरणाऱ्यांसाठी)

गेल्या काही महिन्यांत सपोर्टला सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी आले, "आयडी डुप्लिकेट येतायत, तुमच्या लायब्ररीत बग आहे." दरवेळी आम्ही लॉग मागवतो, अर्धा दिवस जातो, आणि कारण तेच निघतं. म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

आपला आयडी ६४ बिटचा आहे. पहिला बिट रिकामा, मग ४१ बिट वेळ (१ जानेवारी २०२० पासूनचे मिलिसेकंद, हे साधारण ६९ वर्षं पुरतात), मग १० बिट नोड नंबर आणि शेवटी १२ बिट काउंटर, जो दर मिलिसेकंदाला परत ० पासून सुरू होतो. ही मांडणी ट्विटरने २०१० मध्ये स्नोफ्लेक नावाने आणली, आम्ही तीच वापरतो. वेळ सगळ्यात पुढे असल्यामुळे आयडी लावले की ऑर्डर आपोआप वेळेनुसार लागतात, आणि प्रत्येक सर्व्हर आपला आपण नंबर काढतो, कुणाला विचारायला जात नाही. पण मग दोन सर्व्हरचे आयडी वेगळे ठेवणारी गोष्ट एकच उरते, तो मधला नोड नंबर.

आणि तोच लोक कॉपी करतात. लोड वाढला, चालू सर्व्हरची इमेज घेतली, दुसरा उभा केला, कॉन्फिगमध्ये `node=3` तसंच राहिलं.

एका ग्राहकाचं उदाहरण. दोन सर्व्हर, दोघांचा नोड ३. १५ ऑगस्ट २०२५ ला सेल होता, सकाळी साडेदहाला, त्याच सेकंदाच्या २१८ व्या मिलिसेकंदाला दोन्हीकडे एकेक ऑर्डर आली. दोघांचा काउंटर ०, त्यामुळे दोघांनी काढला 744057786463170560. दुसऱ्याचा नोड ४ असता तर 744057786463174656 आला असता, म्हणजे बरोबर ४०९६ ने पुढचा, आणि काही झालं नसतं. त्यांचा डेटाबेस एकच होता म्हणून दुसरी ऑर्डर duplicate key म्हणून लगेच अडली. डेटाबेस वेगवेगळे असते तर दोन गिऱ्हाइकांच्या ऑर्डर एकाच नंबरावर बसल्या असत्या आणि डेटा एकत्र करेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

"पण टेस्टिंगला तर काहीच झालं नाही" हे सगळेच म्हणतात, आणि ते खरं सांगत असतात. दोन्ही सर्व्हरवर मिनिटाला एकेक ऑर्डर येत असेल तर अशी टक्कर सरासरी चाळीसेक दिवसांतून एकदा होते. सेकंदाला एकेक आली की सतरा मिनिटांत एकदा, आणि सेकंदाला दहा-दहा आल्या की दर दहा सेकंदाला. म्हणजे चूक शांतपणे बसून राहते आणि नेमकी धंद्याच्या दिवशी वर येते, म्हणून फोन करायच्या आधी हे चालवून बघा (पोस्टग्रेससाठी आहे, टेबलचं नाव तुमचं टाका):

```sql
SELECT (id >> 12) & 1023 AS node, count(*)
FROM orders GROUP BY 1;
```

सर्व्हर दोन चालू आहेत आणि नोड एकच दिसतोय, तर झालं, सापडलं. एकाचा नोड बदलून रीस्टार्ट करा, डेटाबेस एकच असेल तर जुन्या आयडींना हात लावू नका, ते वेगळेच आहेत.

काहीजण विचारतात की नोड नंबर रँडम का नाही घेत. १०२४ च नंबर आहेत, ३८ सर्व्हर झाले की कुठल्यातरी दोघांचा सारखा निघायची शक्यता जवळपास निम्मी होते. आयपीचा शेवटचा आकडा घेणंही कंटेनर आले की चालत नाही. आणि नोड दिला नाही तर लायब्ररी सुरूच होत नाही याचा काहींना राग येतो, पण डिफॉल्ट ० ठेवला तर सगळेच ० वर चालतील, त्यापेक्षा सुरुवातीलाच थांबलेलं बरं असं आमचं ठाम मत आहे. घड्याळ मागे गेलं तर आयडी देणं थांबतं तेही त्याचसाठी.

क्रमाबद्दल एक, दोन सर्व्हरची घड्याळं काही मिलिसेकंदांनी पुढेमागे असतातच, त्यामुळे अगदी लागोपाठच्या दोन ऑर्डरींत आधी कुठली हे आयडीवरून ठरवू नका.

सर्व्हर सारखे वाढत-कमी होत असतील तर हाताने नोड देणं जमत नाही, त्यासाठी प्रो व्हर्जन आहे. त्यात सर्व्हर सुरू होताना तुमच्याच डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलातून मोकळा नंबर ६० सेकंदांसाठी घेतो आणि दर २० सेकंदांनी मुदत वाढवतो, वाढली नाही तर मुदत संपायच्या आत आयडी देणं बंद करतो. "मग हे सेंट्रलच झालं ना?" नाही, टेबलाकडे जाणं फक्त नंबरापुरतं, प्रत्येक आयडीला नाही, त्यामुळे डेटाबेस दहा सेकंद अडला तरी आयडी चालूच राहतात. दोन-तीन ठरलेले सर्व्हर असतील तर मात्र साधं व्हर्जन पुरे, उगाच पैसे घालू नका. वर्षाच्या सपोर्टवाल्यांना प्रो बसवून देण्याचे वेगळे पैसे नाहीत, फोन करताना वरच्या क्वेरीचं उत्तर फक्त हाताशी ठेवा.