संडासाचं भांडं जमिनीलगत की ओट्यावर? उत्तर हाऊस गल्लीत सापडलं

लालबागच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर माझी मावशी राहते. गेल्या पावसाळ्यात तिच्या संडासातून दोनदा घाण पाणी वर आलं. दुसऱ्या वेळी तर दिवसभर लख्ख ऊन होतं. भांडं जमिनीलगत बसवलेलं, त्यामुळे पाणी थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोहोचलं. शेजारच्यांनी वास्तुदोष सांगितला आणि कोपऱ्यात खड्या मिठाची वाटी ठेवायला लावली. गवंडी म्हणाला, "ताई, एक पायरी वर घेऊ. ओटा केला की पाणी येणार नाही." मावशी पंचाहत्तरीची, दोन्ही गुडघे दुखरे. रात्री दोन-तीनदा ओल्या पायरीवर चढ-उतर करायची या कल्पनेनेच ती घाबरली आणि तिने मला फोन केला. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हा प्रश्न मात्र आठवीच्या पुस्तकातला होता.

मुळात ओटा का करतात, हे आधी पाहू. संडासाच्या भांड्याखाली वाकडी नळी असते, तिला ट्रॅप म्हणतात. तिच्यात सुमारे 5 सेंटीमीटर पाणी कायम अडून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. भांडं आणि ट्रॅप मिळून 40-45 सेंटीमीटरची खोली लागते. वरच्या मजल्यावर ही खोली मिळावी म्हणून संडासापुरता स्लॅब खाली घेतलेला असतो. प्लंबर त्याला 'संक' म्हणतात. जुन्या इमारतींत संक नसला किंवा उथळ असला, तर भांडं वर उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. मुंबईतले बरेच ओटे या अडचणीतून आलेत. पुढे ती सवय झाली, आणि तळमजल्यावर, जिथे हवं तेवढं खणता येतं तिथेही गवंडी ओटाच सुचवू लागले. ओट्यामुळे उतार वाढतो आणि लाईन तुंबत नाही, असंही सांगितलं जातं. पण घरातून बाहेरच्या चेंबरपर्यंतचा चार इंची पाईप दोन मीटरचा असेल, तर त्याला चाळीसास एक या उतारासाठी 5 सेंटीमीटर पुरतात. तेवढे जमिनीलगतच्या भांड्यालाही मिळतात.

मावशीच्या गवंड्याचं कारण वेगळं होतं आणि ते अर्धं बरोबर होतं. पाणी मागे येतं तेव्हा नेमकं काय होतं?

रस्त्यावरची मोठी लाईन पुढे कुठेतरी तुंबते. वरच्या चार मजल्यांवरचं पाणी येतच राहतं, त्याला पुढे वाट नसते, म्हणून ते पाईपमध्ये साठत वर चढतं. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी सगळीकडे सारख्याच उंचीपर्यंत चढतं. नळ्या वाकड्या असोत, लांब असोत, एक जाड आणि एक बारीक असो, फरक पडत नाही. रस्त्यावरचं मॅनहोल, इमारतीचं चेंबर, मावशीचं भांडं, मोरीतली जाळी ही सगळी या अर्थाने एकच भांडं आहेत. पाणी चढत चढत ज्या उघड्या तोंडाची कड सगळ्यात खाली आहे तिथे पोहोचतं आणि तिथूनच वाहू लागतं. मग ते आणखी वर चढत नाही, कारण त्याला वाट मिळालेली असते.

म्हणजे भांडं जमिनीपासून किती उंच आहे, याला फारसा अर्थ नाही. लाईनवरचं सगळ्यात खालचं उघडं तोंड कुठे आहे, हे पाहायचं.

ते मोजायचं साधन गवंड्याच्याच पिशवीत होतं. पारदर्शक लेव्हल पाईप, आत पाणी. त्याच्या मदतनिसाने एक टोक रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणाशी धरलं, दुसरं मी संडासाच्या भिंतीशी. पाणी हेलकावत थांबेपर्यंत दोघांनी वाट पाहिली आणि मी पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारली. रेघ मावशीच्या लादीपासून 22 सेंटीमीटर वर आली. घर बांधलं तेव्हा रस्ता नक्कीच खाली असणार. वर्षानुवर्षं थरावर थर चढत रस्ता उंच झाला, जमीन होती तिथेच राहिली. म्हणून रस्त्यावरच्या झाकणातून थेंबही बाहेर यायच्या आधी पाणी मावशीच्या घरात येत होतं, तेही उन्हात. त्यात वास्तूचा काही संबंध नव्हता. मिठाची वाटी हवेतला दमटपणा थोडा शोषून घेते, पण पाईपातल्या पाण्याची पातळी ती बदलू शकत नाही. उलट तिच्या भरवशावर घरच्यांनी एक अख्खा महिना घालवला, याचं मला फार वाईट वाटलं.

आता गवंड्याचा ओटा तपासू. एक पायरी म्हणजे 20 सेंटीमीटर. भांड्याची कड तरीही रस्त्याच्या झाकणाखाली 2 सेंटीमीटर राहिली असती. दोन पायऱ्या केल्या असत्या, तर भांडं सुटलं असतं. पण मोरीतल्या न्हाणी ट्रॅपची जाळी जमिनीवरच आहे आणि ती त्याच लाईनला जोडलेली आहे. सगळ्यात खालचं तोंड आता ती झाली असती. घाण पाणी घरात आलंच असतं, फक्त संडासाऐवजी मोरीतून.

"मग झाकून ठेवलं तर?" मावशीने विचारलं. पहिल्या वेळी तिने भांड्यावर पाट ठेवून त्यावर भरलेली बादली ठेवली होती. 22 सेंटीमीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटीमीटरवर 22 ग्रॅम वजनाइतका दाब देतं. आकडा किरकोळ वाटतो, पण भांड्याचं तोंड साधारण 50 बाय 25 सेंटीमीटर, म्हणजे 1250 चौरस सेंटीमीटर. गुणाकार केला की साडेसत्तावीस किलो येतात. पंधरा लिटरची बादली पाटासकट उचलली जाणारच. 10 सेंटीमीटर व्यासाच्या जाळीवर हाच दाब पावणेदोन किलोंपेक्षा कमी भरतो, म्हणून मोरीच्या जाळीवर दगड ठेवणाऱ्यांना थोडं यश येतं. पण फटीतून झिरपतंच. चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. त्याच्या झडपेत चिंधी किंवा वाळू अडकली की तो नीट मिटत नाही, आणि मिटला तर आपलंही पाणी बाहेर जात नाही.

मग एक खालचं तोंड घराबाहेर असलं तर?

जुन्या मुंबईत ती सोय होती. दोन इमारतींमधल्या हाऊस गल्लीत मोऱ्यांचं पाणी जिथे पडतं, तिथे जमिनीत गली ट्रॅप असतो: वर लोखंडी जाळी, आत पाण्याचा अडसर, पुढे चेंबर. लाईन तुंबली की पाणी आधी या जाळीतून गल्लीत येतं. ऑस्ट्रेलियात तर नियमच आहे की अशा ट्रॅपची जाळी घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडापेक्षा किमान 150 मिलिमीटर खाली हवी. मावशीच्या मागच्या भिंतीशी असा ट्रॅप असणारच, असं मला वाटत होतं. प्लंबरने पहारीने ठोकून पाहिलं आणि एका जागी पोकळ आवाज आला. कुणीतरी कधीतरी दुरुस्तीच्या वेळी त्यावर कोबा टाकून टाकला होता. तो फोडला तर खाली जाळी शाबूत. लेव्हल पाईप पुन्हा धरला: मावशीच्या लादीपासून 16 सेंटीमीटर खाली.

ओट्याचा प्रश्न तिथेच मिटला. भांडं जमिनीलगतच राहिलं.

यालाही मर्यादा आहे. हाऊस गल्लीतच पाणी साचत असेल, तर ट्रॅप उघडा असूनही उपयोग नाही. म्हणून भिंतीवर जुन्या पावसाळ्यांची ओल कुठवर गेलीय ते पाहिलं. तो पट्टा जाळीपासून चार बोटं वर होता, लादीच्या बराच खाली. तो लादीच्या वर असता, तर मीच ओटा करायला सांगितलं असतं, दोन पायऱ्यांचा, भिंतीला दांडी लावून, आणि मोरीही उचलून.

साफसफाईत मला जमिनीलगतचं भांडं आवडतं, पण ते नीट बसवलेलं असेल तरच. सगळी लादी भांड्याकडे उतरती असली की बादलीभर पाणी आणि खराट्याचे चार हात पुरतात. ओट्याला वरचा भाग, उभी बाजू आणि खालची जमीन अशा तीन जागा घासाव्या लागतात, आणि उभी बाजू जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात खराटा पोहोचत नाही. पिवळट काळा थर तिथूनच सुरू होतो.

जमिनीलगतच्या भांड्यातली चूक मात्र चटकन दिसत नाही. त्याची कड लादीशी अगदी समतल किंवा केसभर खाली हवी. साठास एक असा उतार असताना कड नुसती 2 मिलिमीटर वर राहिली, तरी भांड्याभोवती 12 सेंटीमीटर रुंदीचं पाणी साचून राहतं. मग्याने पाणी ओतून दहा मिनिटांनी पाहिलं की लगेच कळतं. मावशीकडे भांडं नव्याने बसवलं तेव्हा पहिल्या दिवशी एका बाजूला असं तळं राहिलं, आणि गवंड्याने कुरकुर न करता सिमेंट ओलं असतानाच ती बाजू पुन्हा बसवली.

दुसरी गोष्ट भांडं आणि लादी यांच्यामधल्या सांध्याची. ओट्यावर या सांध्यावरून थोडंच पाणी जातं. जमिनीलगत तो सगळ्या खोलीचा तळ असतो, प्रत्येक थेंब त्यावरूनच जातो. लघवीतल्या युरियाचे जिवाणू तुकडे करतात, त्यातून अमोनिया तयार होतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कडेला घट्ट बसतात. हा थर साबणाने निघत नाही, म्हणून लोक दारावर येणारं बाटलीतलं अ‍ॅसिड ओततात. थर जातो, पण सिमेंटमधला चुनाही अ‍ॅसिडमध्ये विरघळून त्याच्याबरोबर जातो. दोन-तीन वर्षांत सांध्यात नख शिरू लागतं, पाणी खाली भरावात मुरतं, आणि घासूनही न जाणारा वास तिथून येत राहतो. वरच्या मजल्यावर हेच पाणी संकमध्ये साठून खालच्याच्या छताला ओल धरतं. सांधा इपॉक्सीने भरला तर बराच टिकतो. थर जाड व्हायच्या आत आठवड्यातून एकदा व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी अर्धा तास ठेवून घासलं की कडक अ‍ॅसिडची गरज पडत नाही. ब्लीचिंग पावडर त्याच वेळी कधीही टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि एवढ्याशा बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

या जुलैत लाईन पुन्हा तुंबली. सकाळी नऊच्या सुमारास मावशीचा फोन आला: भांड्यातलं पाणी नेहमीपेक्षा वर चढलंय, पण कडेच्या बरंच खाली थांबलंय. मी मागे जाऊन बघायला सांगितलं. हाऊस गल्लीतल्या जाळीतून पाणी संथ बाहेर येत होतं. दुपारी सफाईची गाडी येऊन लाईन मोकळी होईपर्यंत ते तसंच येत राहिलं, आणि मावशीची लादी कोरडी होती.