फिनाईल, ब्लीच आणि फ्लोअर क्लीनर

फरशी, मोरी आणि संडास यांचे जंतू मारायला वापरायची तीन वेगवेगळ्या जातीची द्रावणं. दुकानात ती एकाच फळीवर असतात आणि घरात एकाच बादलीत जातात, पण यांची रसायनं एकमेकांशी जुळत नाहीत आणि मारायचे जंतूही वेगवेगळे आहेत.

फिनाईल हा शब्द आला कुठून यावर दोन मतं आहेत. रसायनशास्त्रातला फेनिल गट म्हणजे बेंझीनमधून एक हायड्रोजन काढल्यावर उरणारा तुकडा, त्याच्या नावाचं मूळ ओग्युस्त लोराँ या फ्रेंच रसायनज्ञाने 1836 च्या सुमारास सुचवलेल्या फेन या शब्दात आहे. बेंझीन 1825 मध्ये फॅरेडेला दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळात सापडलं होतं म्हणून लोराँने ग्रीकमधला 'उजळणे' या अर्थाचा शब्द घेतला. एक मत असं की बाटलीचं नाव थेट याच गटावरून पडलं. दुसरं मत असं की ते एका ब्रँडवरून रूढ झालं, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या मॉरिस लिटल कंपनीचं 'फिनाईल' 1880 च्या दशकात वसाहतींमध्ये विकलं जायचं आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा ई होता. भारतातल्या खरेदीच्या टेंडरांत आणि लेबलांवर हा जादा ई अजून दिसतो त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं, शिवाय नुसता फेनिल गट काही बाटलीत भरता येत नाही. मराठीत गोंधळ आणखी वाढतो कारण मुतारीतल्या आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांनाही लोक फिनाईलच्या गोळ्या म्हणतात, त्या नॅप्थॅलीनच्या किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात आणि जंतुनाशक म्हणून त्यांचा काही उपयोग नाही.

काळं फिनाईल म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे फिनॉलसारखे पदार्थ साबणाच्या मदतीने पाण्यात मिसळतील असे केलेले. बादलीत ओतलं की पाणी दुधाळ होतं ते यामुळेच. याचा मूळपुरुष कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल, रुंगे या जर्मन रसायनज्ञाने 1834 मध्ये डांबरातून काढलेलं आणि लिस्टर या ब्रिटिश सर्जनने 1865 पासून शस्त्रक्रियेत वापरलेलं. मुंबईत 1896 ला प्लेग आला तेव्हा समुद्राच्या पाण्यात कार्बोलिक मिसळून गटारं धुतली गेली, पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा, म्हणजे औषध जोरदार होतं पण ते चुकीच्या जागी पडत होतं. फिनाईलची ताकद आजही रिडील-वॉकर गुणांकाने सांगतात, ही पद्धत 1903 ची, टायफॉइडचा जंतू मारण्यात द्रावण शुद्ध फिनॉलच्या किती पट भारी आहे एवढंच ती मोजते. त्यामुळे गुणांक मोठा म्हणजे सगळ्याच जंतूंवर भारी असं नाही.

काळं फिनाईल बहुतेक बॅक्टेरिया, बुरशी आणि पुरेशा ताकदीचं असेल तर क्षयाचे जंतूही मारतं. पण बीजाणूंवर, म्हणजे काही जंतूंच्या टणक कवचातल्या झोपलेल्या रूपावर, ते चालत नाही आणि उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरससारख्या चरबीचं आवरण नसलेल्या व्हायरसवर त्याचा भरवसा नाही. पांढरं फिनाईल ही वेगळीच गोष्ट, त्यात मुख्यतः पाइन तेल असतं, ते आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंवर ठीक पण फोड-गळवांच्या स्टॅफिलोकॉकसवर कमजोर. आणि घरात मांजर असेल तर काळं फिनाईल फरशीला लावूच नये, मांजराच्या यकृताला फिनॉल नीट निकामी करता येत नाही आणि ते पाय चाटतं.

फ्लोअर क्लीनर बहुतेक बेंझाल्कोनियम क्लोराइडचे असतात. रोजच्या फरशीला पुरेसे, वास बरा, पण बीजाणू, क्षयजंतू आणि नोरोव्हायरस यांच्यापुढे ते हात टेकतात. यांचा विद्युतभार धन आणि साबणाचा ऋण, म्हणून साबणाच्या पाण्यात किंवा फिनाईलच्या बादलीत ते टाकले की दोघं एकमेकांना चिकटून निकामी होतात. इथे धोका नाही, पण जंतू मात्र मरत नाहीत आणि आपल्याला वाटतं डबल काम झालं.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, या तिघांत सगळ्यात व्यापक, नोरो आणि रोटाव्हायरसही मारतं, जास्त ताकदीत आणि जास्त वेळ ठेवलं तर बीजाणूसुद्धा. पण घाणीवर ते आधी खर्च होतं, म्हणून उलटी पुसून काढल्यावरच टाकायचं. 4 टक्क्यांच्या ब्लीचमधून 0.5 टक्के करायला 1 भाग ब्लीचला 7 भाग पाणी, 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. उन्हात ठेवलेली जुनी बाटली कमजोर होते, बाटली ताजी आणि द्रावणही ताजं हे बरं.

आता मिसळण्याचं. सगळ्यात वाईट जोडी ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड. ब्लीच मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेलं असतं, त्यामुळेच त्यातला क्लोरीन बांधून राहतो, ॲसिड पडलं की तो सुटतो:

NaOCl + 2HCl → Cl₂ + NaCl + H₂O

हिशोब करून बघा. 4 फूट बाय 5 फूट, 8 फूट उंचीचं बाथरूम म्हणजे साधारण साडेचार घनमीटर हवा. भांड्यात 10 टक्क्यांचं ॲसिड आधीच ओतलेलं आहे आणि वरून 4 टक्क्यांचं ब्लीच फक्त 50 मिली पडलं. त्यात हायपोक्लोराइट 2 ग्रॅम, त्यातून क्लोरीन जवळजवळ 1.9 ग्रॅम. सगळा हवेत गेला तर दर दहा लाख भागांत 145 भाग होतो. आणि दहावा भागच सुटला, बाकी पाण्यात राहिला असं धरलं तरी 14, तर 10 भागांनाच जिवाला ताबडतोब धोकादायक मानतात. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, खाली साचतो, म्हणजे उकिडवं बसून घासणाऱ्या बाईच्या तोंडापाशी आणि रांगत्या मुलाच्या उंचीवर.

ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन वायू होतो, काच पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो आणि लघवीतूनही तो तयार होतो, म्हणून तुंबलेल्या मुतारीत ब्लीच ओतण्याआधी भरपूर पाणी टाकावं. ब्लीच आणि काळं फिनाईल मिळून क्लोरोफिनॉल होतात, हॉस्पिटलसारखा उग्र वास, तेही विषारी, शिवाय दोन्ही औषधं आपापसातच खर्च होतात, पण हे प्रकरण ॲसिडइतकं झटक्यात बिघडत नाही.

चुकून मिसळलंच तर आणखी काही ओतून 'उतारा' करत बसू नये. श्वास धरून बाहेर पडायचं, दार उघडं टाकायचं, डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचे. बाहेर आल्यावर खोकला थांबतो आणि माणूस बरं वाटतंय म्हणून झोपतो, इथेच फसगत होते, कारण जास्त क्लोरीन छातीत गेला असेल तर फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरायला लागतं. दम लागणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, फेसाळ थुंकी यातलं काहीही दिसलं की 108 ला फोन, आणि दम्याचा पेशंट किंवा लहान मूल असेल तर ही लक्षणं दिसायची वाट न बघता डॉक्टरकडे, सोबत दोन्ही बाटल्या घेऊन.