परभाषी पात्रांचा संवाद (कथालेखन)

कथेतल्या दोन पात्रांना एकमेकांची भाषा येत नसताना त्यांच्यात हळूहळू विश्वास तयार होतो आणि त्यांचे बोलणे वाचकाला मात्र कळत राहते, अशा रीतीने संवाद लिहिण्याचे तंत्र. विदर्भातल्या खेड्यांवर लिहिणाऱ्याला याची गरज वारंवार पडते, कारण इथे तीन वेगवेगळी भाषाकुळे शेजारी नांदतात. वऱ्हाडी आणि झाडी या मराठीच्या बोली आर्य कुळातल्या, गोंडी आणि कोलामी द्राविडी, तर मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. ‘पाणी’ या एका शब्दाला गोंडीत ‘येर’ आणि कोरकूत ‘दा’ म्हणतात. कानाने अर्थ लावायला इथे काही आधार मिळत नाही.

पात्रांमध्ये समान भाषा का नाही, हे आधी पटावे लागते. गडचिरोलीतल्या अनेक गोंडी घरांत बाजारापुरती मराठी येते आणि रुपया, बाजार असे शब्द तर सगळ्यांचेच झाले आहेत. त्यामुळे पात्रे नेमकी निवडावी लागतात. खाली वापरलेली कथा नोंदीसाठी रचलेली आहे. धानोरा तालुक्यातल्या एका गावात मे महिन्यात तेंदूपाने विकत घेण्याचे केंद्र, म्हणजे फळी, लागली आहे. पुडे मोजून घेणारा दिवाणजी अकोटकडचा आहे आणि या भागात पहिल्यांदाच आला आहे. पुडे आणणारी म्हातारी गोंडी बोलते. बाजारहाट सून करते, पण यंदा ती बाळंतपणाला माहेरी गेली आहे. दोघे समोरासमोर का आले आणि मध्ये दुभाष्या का नाही, हे एवढ्याने स्पष्ट होते.

विश्वासाला काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. इथे ते मोजणीत आहे. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा बांधतात आणि मजुरी पुड्यांच्या संख्येवर मिळते. पहाटे जंगलात जाऊन तोडलेली पाने दुपारभर घरी बसून बांधायची, संध्याकाळी फळीवर आणायची आणि दुसऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून घरी जायचे. तो आकडा ज्या भाषेत सांगितला जातो ती म्हातारीला येत नाही. दिवाणजी ‘पाच, दहा, पंधरा’ करत झरझर पुढे सरकतो. ती त्याच्या मागून प्रत्येक पाच पुड्यांना एक खडा बाजूला ठेवत ‘उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग’ म्हणते आणि पुन्हा ‘उंदी’पासून सुरू करते. वाचकाला कोणी काही समजावलेले नाही, पण दुसऱ्या ओळीपर्यंत एक ते पाच त्याचे पाठ होतात. तेलुगूचा कान असलेल्याला ‘रंड’मध्ये ‘रेंडु’ ऐकू येईल, मात्र ते लेखकाने सांगायची गरज नाही.

“पंच्याण्णव झाले, माय.”

“हिल्ले.”

“काय हिल्ले? म्या मोजले ना.”

ती खडे त्याच्यासमोर मांडते. वीस खडे. “सैयुंग,” ती पहिल्या खड्यावर बोट ठेवून म्हणते, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. दिवाणजी पुन्हा मोजतो. मधला एक पाचाचा गट त्याच्या नजरेतून सुटला होता. तो कार्डावरचा ९५ खोडतो आणि तिच्या देखत १०० लिहितो. तिला वाचता येत नाही, पण खोडलेले दिसते.

‘हिल्ले’ म्हणजे ‘नाही’, हे या प्रसंगात कंसात सांगावे लागत नाही. नवा शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या शेजारी वस्तू किंवा कृती हवी. दुसऱ्यांदा तो थोड्या वेगळ्या प्रसंगात यावा, आणि तिसऱ्यांदा आधाराशिवाय. तिसऱ्या वेळी वाचक अडखळला तर पहिला प्रसंग कच्चा राहिला आहे असे समजावे. तळटीप देऊन तो पक्का होत नाही. पूर्ण कथेला असे सात-आठ शब्द पुरतात. याहून जास्त झाले की वाचक कथा सोडून शब्दसंग्रह सांभाळत बसतो.

खरी अडचण लांब बोलण्याची असते. म्हातारी स्वतःच्या भाषेत अडखळत नाही. ती भरभर, चिडून, लाडाने, म्हणींसकट बोलते. ते सगळे गोंडीत छापले तर मराठी वाचक ओळी गाळतो. मराठीत दिले तर दिवाणजीला न कळलेले वाचकाला कळते आणि दोघांमधले अंतरच नाहीसे होते. यावर उपाय म्हणजे निवेदन एका पात्राच्या कानाला बांधून ठेवणे. त्या कानाला लांब वाक्यातून जेवढा ओळखीचा शब्द सापडेल, तेवढाच लिहायचा. एका दुपारी दिवाणजी तिला माठातले पाणी देतो आणि ‘पाणी’ म्हणतो. ती पेला उचलून ‘येर’ म्हणते. चार दिवसांनी फळीवर पुडे वाळत पडलेले असतात, ऊन कडक असते, आणि ती धावत येऊन डोंगराकडे हात करत बराच वेळ बोलते. दिवाणजीला त्यात दोनदा ‘येर’ ऐकू येते, बाकी काही नाही. आकाश तर निरभ्र दिसते. तरीही तो मजुरांना हाक मारून पुडे गोळा करायला लावतो. तेंदूचे वाळते पान भिजले की डागाळते, त्यामुळे चुकीचा अंदाज जितका महाग तितकेच दुर्लक्षही महाग. पाऊस येतो. तो आला नसता तरी कथेचे काम झाले होते, कारण एका शब्दावर दिवाणजीने माणसे उठवली होती.

परतीचा विश्वास म्हातारीकडून येतो, आणि तो बोलून दाखवला की बिघडतो. पुढच्या संध्याकाळी ती पुडे रांगेत मांडते, खडे न काढता वळते आणि घराकडे चालू लागते. मागे एकटा दिवाणजी ‘उंदी, रंड, मुंद’ करत मोजतो आणि ‘नालुंग’वर त्याची जीभ अडते.

या तंत्रात सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे आदिवासी पात्राला मोडकी मराठी देणे. ‘मी जाते जंगल, तू दे पैसा’ असे बोलणारे पात्र वाचकाला मंद वाटू लागते, आणि नुसते भाषेचे अंतर बुद्धीचे अंतर होऊन बसते. हा दोष अक्षम्य मानावा. दुसरा दोष एकतर्फी शिकण्याचा. गोंडी बाई मराठी शिकत जाते आणि मराठी माणूस काहीच शिकत नाही, तेव्हा लेखकाने कथा नकळत दिवाणजीच्या बाजूने लिहिलेली असते. वरच्या कथेत आकडे तिचे वापरले गेले, त्याचे कारण हेच. तिसरा दोष ओळखायला सोपा: तिसऱ्याच भेटीत पात्रे आपल्या नवऱ्याची, गावाची, जुन्या दुःखाची गोष्ट एकमेकांना सांगू लागतात. सात शब्दांत पाणी, आकडे, नकार आणि एखादे नाव एवढेच मावते.

गोंडी ही एकसारखी भाषा नाही. ती भागागणिक बदलते आणि भामरागडकडची माडिया तिच्याहून बरीच वेगळी आहे. कोशातून शब्द उचलला तर तो दुसऱ्याच जिल्ह्याचा निघू शकतो. म्हणून कथा ज्या गावात घडते तिथल्या एखाद्या बोलणाऱ्याकडून हे सात-आठ शब्द ऐकून घ्यावेत आणि लिहिलेला प्रसंग त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. ‘आमच्याकडे असं नाही म्हणत’ हे तो पहिल्याच ओळीला सांगतो.