पोर्ट्रेटमधला चेहरा किती साफ करायचा?

पोर्ट्रेट रिटच करणाऱ्यांमध्ये एक साधा नियम रूढ आहे: दोन आठवड्यांत आपोआप जाणारी गोष्ट फोटोतून काढली तर चालते, तीळ, व्रण, सुरकुत्या यांना हात लावायचा तो विचारून. नियम चांगला आहे, पण अपुरा आहे. तीळ जागेवर असतो, एकही सुरकुती गायब झालेली नसते आणि तरीही चेहरा खोटा वाटतो, असे अनेक फोटो आपण पाहतो. तिथे बहुतेक वेळा हरवलेला असतो तो त्वचेचा पोत.

त्वचेवरच्या प्रत्येक रंध्राच्या एका कडेला सूक्ष्म चमक असते आणि दुसऱ्या कडेला सूक्ष्म सावली. समोरचा पृष्ठभाग कशाचा आहे हे आपला मेंदू अशाच खुणांवरून ओळखतो. शिवाय काही प्रकाश त्वचेच्या आत शिरतो, रक्ताच्या रंगातून फिरून बाहेर येतो. त्यामुळे नाकाचा शेंडा, गाल आणि कान कपाळापेक्षा थोडे लालसर दिसतात. सगळा चेहरा ब्लर केला की रंध्रे जातात, रंग एकसारखा केला की ही लाली जाते. उरतो तो प्लास्टिकचा चेहरा.

हे टाळण्यासाठी फ्रिक्वेन्सी सेपरेशन ही पद्धत वापरतात. समजा, पंचेचाळिशीतल्या एका बाईंचा खिडकीच्या उजेडातला फोटो आहे आणि त्यात चेहऱ्याची उंची सुमारे 2000 पिक्सेल आहे. फोटोची एक प्रत साधारण 8 ते 10 पिक्सेलने ब्लर करायची. रंध्रे दिसेनाशी व्हावीत, पण नाकडोळे ओळखू यावेत, इतकीच. हा झाला रंगाचा लेयर. मूळ फोटोतून तो वजा केला की जे उरतं तो पोताचा लेयर. दोन्हींची बेरीज म्हणजे पुन्हा जसाच्या तसा मूळ फोटो. आता गालावरचा लाल डाग रंगाच्या लेयरमध्ये सौम्य करता येतो आणि त्यावरची रंध्रे शाबूत राहतात. मुरमाला मात्र उंचवटा असतो, तो दोन्ही लेयरमध्ये उतरतो. त्यामुळे तो हीलिंग ब्रशने शेजारची त्वचा घेऊन झाकावा लागतो.

मग डोळ्यांखालचा काळेपणा. तो काही अंशी त्या बाईंचा आहे, काही अंशी वरून येणाऱ्या उजेडाने खोलगट भागात पाडलेली सावली आहे. म्हणून तो पुसायचा नाही. तो भाग वेगळ्या लेयरवर उजळून त्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे तो किती ठळक दिसतो ते प्रमाण, 40 टक्क्यांच्या आसपास ठेवली तर सावली हलकी होते, डोळ्यांची ठेवण तशीच राहते. माझ्या मते खरी कसोटी इथेच लागते: ही गोष्ट उजेडाने आणि कॅमेऱ्याने आणली आहे, की त्या व्यक्तीची स्वतःची आहे?

या कसोटीने पाहिलं तर नाक बारीक करणंही काही वेळा प्रामाणिक ठरतं. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण 10 सेंटिमीटर पुढे असतो असं धरू. मोबाइल नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 40 सेंटिमीटरवर येतात, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक सुमारे 33 टक्के मोठं उमटतं. तोच फोटो दीड मीटरवरून घेतला तर हा फरक जेमतेम 7 टक्के राहतो. सेल्फीतलं नाक थोडं आवरणं म्हणजे अंतराने केलेली चूक सुधारणं. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत तेवढंच आवरलं, तर ते नाक दुसऱ्याच कुणाचं होतं.

शरीराच्या बाबतीत मला ही सूट देववत नाही. वाइड लेन्सने कडेला ताणलेला दंड सरळ करणं ठीक. लिक्विफाय या आकार वाकवणाऱ्या साधनाने कंबर आत ढकलणं म्हणजे बांधा बदलणं. ते अनेकदा पकडलंही जातं: मागच्या दाराची चौकट किंवा फरशीची रेघ कमरेजवळ वाकते, कापडाचे पट्टे एकाच जागी दाटतात. चेहऱ्यासाठी मान आणि हात पाहावेत. चेहरा पंचविशीचा आणि बोटांवरची त्वचा पन्नाशीची असेल तर पोत कुठे पुसला गेला ते लगेच कळतं.

रिटचिंग मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. एरिक की आणि हॅनी फरीद या संगणकशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये 468 फोटोंच्या आधीच्या आणि नंतरच्या जोड्या लोकांना दाखवून बदलाला 1 ते 5 गुण द्यायला सांगितले. मग आकारातले आणि त्वचेतले बदल मोजणाऱ्या आठ आकड्यांवरून ते गुण संगणकाला बऱ्याच अंशी वर्तवता आले. पण हे माप बदल किती झाला ते सांगतं. तो अंतराची चूक सुधारण्यासाठी होता की बांधा लपवण्यासाठी, हे त्यातून कळत नाही.

कायद्यांनीही रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केला असेल तर तसं छापावं लागतं. नॉर्वेने 1 जुलै 2022 पासून आकारासोबत त्वचेतला बदलही त्यात धरला. दोन्ही नियम जाहिरातींसाठी आहेत. घरच्या भिंतीवर लागणाऱ्या पोर्ट्रेटला कुठलाच शिक्का लागत नाही, त्यामुळे त्या बाईंचा तीळ ठेवायचा की काढायचा हे काम सुरू करण्याआधी त्यांनाच विचारायला हवं.