मूक कॉल (बालमदत हेल्पलाइन)

हेल्पलाइनचा क्रमांक लावून, फोन न ठेवता, एकही शब्द न बोलणाऱ्याच्या कॉलला मूक कॉल म्हणतात. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झालेल्या १०९८ या मुलांसाठीच्या मोफत सेवेला असे कॉल नेहमीचे आहेत. त्यातले काही खोडसाळपणाचे असतात, पण बरीच मुले पलीकडचा माणूस ओरडतो की ऐकून घेतो, हे आधी अजमावतात; म्हणून उलट काही कळेपर्यंत प्रत्येक मूक कॉल गरजेचाच धरणे शहाणपणाचे ठरते.

पलीकडे कोणी आहे की नाही, हे प्रथम कानाने पाहावे लागते. श्वास, पंखा, टीव्ही किंवा रस्त्याचा आवाज आला तर लाइन चालू आहे, असे समजता येते. मात्र मोबाइल आजूबाजूचा आवाज गाळत असल्याने पूर्ण शांतता म्हणजे बिघाडच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

समुपदेशक आपले नाव सांगतो आणि ‘बोलायची घाई नाही, मी फोनवर आहे’ एवढे सांगून थांबतो. ‘हॅलो, कोण बोलतंय?’ हा धोशा उलटतपासणीसारखा वाटतो, तर सतत बोलत राहिल्याने मुलाला शिरायला जागाच उरत नाही. त्यानंतर फोनवर नखाने एक टिचकी म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, असे ठरवून घेता येते.

समजा, मंद श्वास आणि टीव्हीचा आवाज येतो आहे. ‘माझं बोलणं ऐकू येतंय का?’ याला एक टिचकी मिळते. ‘जवळ कोणी आहे का?’ याला पुन्हा एक. टिचकी चुकून पडलेली असू शकते, म्हणून ‘तू एकटाच आहेस का?’ असे उलटे विचारले जाते. दोन टिचक्या आल्या म्हणजे उत्तर पक्के. मग ‘आत्ता कोणी मारतंय का?’ याला दोन आणि ‘एकटा असताना फोन करशील का?’ याला एक टिचकी आली, की कॉल आटोपता घेता येतो. टिचक्यांनी पत्ता किंवा प्रसंग कळत नाही, आणि त्याचा अंदाज बांधत बसू नये. मारहाण वा किंकाळ्या स्पष्ट ऐकू आल्या, तर पर्यवेक्षकाला लगेच सांगून ११२ या आपत्कालीन सेवेची मदत घ्यावी लागते.

फोन कापला गेल्यास सहसा उलट फोन करू नये, कारण घंटी वाजली की मुलाने कुठे फोन लावला होता, हे घरात उघड होऊ शकते. समुपदेशकाला लाइन मोकळी करायची असेल, तर ते काही मिनिटे आधी सांगून, पुन्हा केव्हाही फोन करता येईल हे कळवावे. नोंदवहीत ‘कोरा कॉल’ असा शेरा न मारता वेळ, कालावधी, ऐकू आलेले आवाज आणि मिळालेली उत्तरे लिहिली, तर पुढच्या पाळीतल्या सहकाऱ्याला तेच मूल पुन्हा आल्यास अंदाज येतो.